उशिरा भरलेल्या आयकराचं व्याज: महिना एक टक्का खरंच परवडतं का?

प्रश्न: सर, कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. २०२३-२४ चा कर टीडीएस वजा जाता २,००,००० निघाला. ४०,००० मी १२ डिसेंबरला भरले होते. पार्टीकडून पैसे अडकल्यामुळे बाकीचे ५ ऑगस्टला रिटर्नबरोबर भरले, तर वर २३,१०० लागले. पाच दिवसांच्या उशिराला एवढा दंड? मित्र म्हणतो, महिना एक टक्का म्हणजे काही फार नाही, अॅडव्हान्स टॅक्स भरूच नको, पैसे धंद्यात फिरव. माझं बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, ११ टक्क्यांनी आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर: तुमच्या मित्राचा हिशोब अर्धाच आहे आणि तुमची तक्रारही अर्धीच बरोबर आहे. सांगली-मिरजेतल्या वर्कशॉपवाल्यांची रिटर्न मी बरीच वर्षं भरतोय. हा प्रश्न माझ्या टेबलावर दर ऑगस्टमध्ये येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या २३,१०० ची फोड करू. त्यात कायद्याच्या भाषेतला 'दंड' एक रुपयाही नाही. १८,१०० व्याज आहे आणि ५,००० विलंब शुल्क. हा शब्दांचा खेळ नव्हे, तिन्हींमागचा विचार वेगवेगळा आहे. तो पुढे येईलच.

व्याजाचा पहिला भाग कलम २३४सी चा. धंदेवाल्याने वर्षाच्या कराचा १५ टक्के हिस्सा १५ जूनपर्यंत भरायचा, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सगळा. तुमच्या दोन लाखांवर जूनमध्ये ३०,००० हवे होते, भरले शून्य. त्यावर तीन महिन्यांचं तीन टक्के, म्हणजे ९००. सप्टेंबरमध्ये ९०,००० कमी पडले, त्याचे २,७००. डिसेंबरमध्ये दीड लाख हवे होते, ४०,००० आले, उरलेल्या १,१०,००० वर ३,३००. मार्चच्या हप्त्याला १,६०,००० कमी, पण तिथे एकाच महिन्याचं व्याज, म्हणून १,६००. हे झाले ८,५००.

दुसरा भाग २३४बी. ३१ मार्चपर्यंत ९० टक्के कर भरलेला नसेल, तर १ एप्रिलपासून कर भरेपर्यंत दरमहा एक टक्का. एप्रिल, मे, जून, जुलै आणि ऑगस्टचे पाच दिवस. पण महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरतात, म्हणून पाच महिने. १,६०,००० वर ८,०००. तिसरा २३४ए, म्हणजे रिटर्न मुदतीत न भरल्याचं व्याज. मुदत ३१ जुलै २०२४ होती, तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात, म्हणून एक महिना, १,६००. आणि २३४एफ चं विलंब शुल्क ५,०००. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ते १,००० असतं, तुम्ही त्यात बसत नाही.

आता 'पाच दिवसांच्या उशिराला एवढं' या तक्रारीकडे या. तुम्ही ३१ जुलैला सगळं भरून रिटर्न सादर केलं असतं, तरी २३४सी चे ८,५०० आणि चार महिन्यांचे ६,४०० असे १४,९०० लागलेच असते. पाच दिवसांची किंमत ८,२०० आहे. ती मोठीच आहे, पण बाकीची रक्कम जूनपासून साचत आलेली आहे. उलट ३१ मार्चच्या आत आणखी १,४०,००० भरले असते, म्हणजे एकूण ९० टक्के झाले असते, तर २३४बी लागलंच नसतं. १५ मार्च चुकली म्हणून लोक हात टेकतात आणि थेट जुलैची वाट बघतात. पण ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम अॅडव्हान्स टॅक्स म्हणूनच धरली जाते. या सोळा दिवसांचं मोल पुष्कळांना माहीत नसतं.

आता मित्राच्या हिशोबाकडे. त्याचा प्रश्न चांगला आहे, कारण हा दर ठरवणाऱ्यांपुढेही नेमका तोच प्रश्न असतो.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. ऊस गेल्यावर कारखान्याने १४ दिवसांत उसाचा ठरलेला किमान भाव, म्हणजे एफआरपी, द्यायची आणि त्यापुढे उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, असं ऊस नियंत्रण आदेशात आहे. १५ च का? समजा ते ६ टक्के असतं. कारखान्याला बँकेचं कर्ज त्याहून महाग पडतं. मग त्याला खेळतं भांडवल बँकेकडून घ्यायची गरजच उरली नसती, शेतकऱ्याचंच बिल थांबवलं असतं. म्हणजे देणं थकवणाऱ्याला तेवढाच पैसा बाहेरून उभा करायला जितकं पडतं, त्याहून थकवणं महाग हवं. नाहीतर ज्याचं येणं आहे तो आपोआप सावकार होतो, तेही स्वतःच्या इच्छेविरुद्ध, कुठलंही तारण न घेता आणि समोरचा परत करू शकेल का हे न तपासता. (ते १५ टक्के हातात पडायला शेतकऱ्याला किती भांडावं लागतं, हे इथे कोणाला सांगायला नको. व्याज कागदावर असून भागत नाही, ते आपोआप आकारलं जावं लागतं.)

सरकारच्या बाबतीत गणित तेच. ही कलमं १ एप्रिल १९८९ पासून लागू झाली, तेव्हा २३४ए आणि २३४बी चा दर महिना दोन टक्के होता, वर्षाला २४. त्या काळात बँकांचे कर्जाचे दरही आजच्यापेक्षा पुष्कळ चढे होते. पुढे बाजारातले दर उतरले, तसा हाही टप्प्याटप्प्याने उतरला आणि ८ सप्टेंबर २००३ पासून महिना एक टक्का झाला. २०२० च्या टाळेबंदीत, २० मार्च ते २९ जूनदरम्यान भरायच्या आणि ३० जूनपर्यंत भरलेल्या करासाठी तो पाऊण टक्का केला होता. हा दर उशीर टाळण्यासाठी ठेवलेला असतो. जिथे उशीर टाळणं माणसाच्या हातातच नव्हतं, तिथे चढा दर ठेवून काही साधत नाही, म्हणून तो खाली आणला.

'वर्षाला १२ म्हणजे माझ्या ११ पेक्षा एकच टक्का जास्त' असं वाटतं, पण इथे दोन गोष्टी सुटतात.

पहिली गोष्ट, सीसीचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतं. आयकरावरचं व्याज होत नाही. तुमच्या आकड्यांवरून तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, उपकर धरून ३१.२ टक्के. म्हणजे सीसीवर भरलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे ३१ रुपये कर वाचतो आणि ११ टक्क्यांचं कर्ज खरं साडेसात टक्क्यांच्या आसपास पडतं. आयकराचे १२ मात्र पूर्ण १२. उलट्या बाजूने बघायचं तर साडेसतरा टक्क्यांनी काढलेलं धंद्याचं कर्ज तुम्हाला जेवढं पडेल, तेवढं हे १२ टक्के पडतं. मित्राने एवढा एक हिशोब केला असता, तर तो सल्ला दिलाच नसता.

इथे एक बारकावा नीट लक्षात ठेवा. केवळ आयकर भरण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज खर्चात धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. म्हणून मार्चमध्ये सीसीतून थेट कराची रक्कम उचलली आणि त्या दिवशी खात्यात धंद्याचा पैसाच नव्हता, असं चित्र दिसू देऊ नका. पार्टीचं बिल जमा झालं की त्यातून कर भरा आणि पत्रा, सळई, अँगलसाठी सीसी वापरा. वर्षाचा नफा त्याच खात्यात येतो आणि तो कराला पुरेसा आहे, हे वह्यांतून दिसलं पाहिजे. पैसा तोच आणि खातं तेच असलं, तरी उचल कशासाठी होती यावर वजावट ठरते.

दुसरी गोष्ट, महिन्याचा तुकडा पूर्ण महिना. समजा तुम्ही प्रत्येक हप्ता वेळेवर सीसीतून भरला असता आणि ५ ऑगस्टला सीसी मोकळं केलं असतं. बँक दिवसावर व्याज लावते. जून ते सप्टेंबर ३०,००० वर, मग डिसेंबरपर्यंत ९०,००० वर, मार्चपर्यंत १,१०,००० वर आणि तिथून ५ ऑगस्टपर्यंत १,६०,००० वर, असं धरलं तर ११ टक्क्यांनी साधारण १३,२०० होतात. हेच १२ टक्क्यांनी केलं तर १४,४०० च्या आसपास. पण तुम्ही व्याज म्हणून १८,१०० भरलेत. मधले ३,७०० कुठून आले? मार्चचा उत्तरार्ध पूर्ण महिना धरला गेला, ऑगस्टचे पाच दिवसही पूर्ण महिना धरले गेले आणि ऑगस्टसाठी २३४ए आणि २३४बी दोन्ही एकाच वेळी लागले. बँकेचं व्याज सगळं खर्चात धरता आलं असतं, तर तुमचा खरा भार ९,१०० च्या जवळ असता. शुल्क बाजूला ठेवलं, तरी तुम्ही त्याच्या जवळजवळ दुप्पट दिलेत.

महिन्याच्या तुकड्याचा हा नियम मला पूर्ण पटत नाही. हिशोब सोपा राहतो हे खरं, कोट्यवधी रिटर्नमध्ये दिवस मोजण्यावरून वाद होत नाहीत. पण त्यातून एक विचित्र गोष्ट होते. १ ऑगस्ट उलटली की ३१ ऑगस्टपर्यंत कधीही भरा, व्याज तेवढंच. म्हणजे एक दिवस चुकलेल्या माणसाला लगेच भरण्याचं काहीच कारण उरत नाही, उलट महिनाभर थांबण्याचं उरतं. जीएसटीत उशिराचं व्याज दिवसावर मोजतात, ते या बाबतीत जास्त शहाणपणाचं आहे. तिथे दर वर्षाला १८ टक्के आहे. कापलेला टीडीएस सरकारकडे न भरल्यासही महिना दीड टक्का, म्हणजे १८ च. तुमच्या स्वतःच्या करावर १२ आणि इथे १८ का, तर जीएसटी तुम्ही गिऱ्हाईकाकडून घेतलेला असतो आणि टीडीएस दुसऱ्याच्या बिलातून कापलेला असतो. तो पैसा तुमच्या हातून फक्त पुढे जायचा असतो. हातात आलेला परका पैसा वापरायचा मोह जास्त असतो आणि 'पैसेच नव्हते' ही सबबही तिथे टिकत नाही.

उलट्या दिशेचा दरही बघा. तुमचा कर जास्त गेला, तर परताव्यावर सरकार महिना अर्धाच टक्का देतं. 'आमच्याकडून एक घेता आणि आम्हाला अर्धा देता' हे मला दरवर्षी ऐकावं लागतं. त्यातला राग मला कळतो, विशेषतः परतावा विनाकारण अडकतो तेव्हा. पण दोन्ही दर सारखे असते, तर ठेवीवर सहा-सात टक्के मिळवणाऱ्याने बारा टक्क्यांसाठी मुद्दाम जास्त अॅडव्हान्स टॅक्स भरून सरकारकडे पैसे ठेवले असते. बँकेच्या ठेवीचा दर या दोन दरांच्या मध्ये पडतो, तेव्हाच माणूस ना कमी भरत, ना जास्त भरत.

मुळात वर्ष संपायच्या आधीच कर का मागतात, हेही तुम्ही विचारलेलं नसताना सांगतो, कारण रागाचं मूळ तिथे असतं. तुमच्या शेजारी राहणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा कर दरमहा पगारातून कापला जातो. त्याला विचारत कोणी नाही. धंदेवाल्याला वर्षभर सवलत आणि जुलैत भरणा, असं ठेवलं तर तेवढ्याच उत्पन्नावर शिक्षक जास्त कर भरतो असं होईल, कारण आज दिलेला रुपया आणि वर्षाने दिलेला रुपया सारखे नसतात. २३४सी ही तफावत बुजवतं. धंद्याचा अंदाज चुकतो हे मात्र कायद्याला मान्य आहे. जूनमध्ये १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ४५ ऐवजी ३६ टक्के भरले, तरी त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही. वर्षाअखेरची ९० टक्क्यांची रेषाही त्यासाठीच. प्रामाणिक अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तर सुटका, काहीच भरलं नाही तर नाही.

आता दंड. तो तुम्हाला का लागला नाही, हे कळलं की मांडणी पूर्ण कळते. तुम्ही उत्पन्न लपवलं नाही, फक्त पैसे उशिरा दिले. उशीर पोर्टलला शंभर टक्के दिसतो, त्यामुळे उशिरातून झालेला फायदा काढून घेतला आणि वर थोडं लावलं की पुरतं. लपवण्याचं तसं नाही, ते सापडेलच असं नसतं. समजा एकाने १,६०,००० चा कर लपवला आणि पकडलं जायची शक्यता तीनात एक आहे. पकडल्यावर फक्त तो कर आणि व्याज द्यायचं असेल, तर लपवणं फायद्याचंच. म्हणून तिथे दंड कराच्या पटीत आहे: उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरच्या कराच्या ५० टक्के, आणि खोटी बिलं, दडवलेल्या नोंदी असं काही असेल तर २०० टक्के. व्याज बाजूला ठेवून गणित करा. २०० टक्क्यांना एकूण देणं तिप्पट होतं, त्यामुळे तीनात एक शक्यतेला लपवणारा बरोबरीत येतो. शक्यता पाचात एक असेल, तर एवढा दंडही कमीच पडतो. म्हणून गेल्या काही वर्षांत दंडाचे आकडे वाढवण्यापेक्षा एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेली तुमच्या व्यवहारांची यादी, टीडीएस आणि जीएसटी रिटर्नची जुळणी यांवर जोर आहे. पकडलं जाण्याची शक्यता वाढली की तोच दंड जास्त चावतो.

विलंब शुल्काचे ५,००० मात्र पैशाच्या उशिराचे नाहीत, कागदाच्या उशिराचे आहेत. तुम्ही ३१ जुलैला पैसे भरून रिटर्न ५ ऑगस्टला दिलं असतं, तर २३४ए लागलं नसतं, ऑगस्टचं २३४बी लागलं नसतं, शुल्क मात्र लागलंच असतं. म्हणजे एकूण १९,९००. रिटर्न अडलं असेल, तरी पैसे आधी भरून टाकायचे ते यासाठी.

भरताना एक चूक हमखास होते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचा फक्त मूळ कर चलनाने भरला आणि व्याज नंतर येईल ते बघू म्हटलं. पण कमी भरलेली रक्कम आधी शुल्कात, मग व्याजात आणि उरलेली करात वळती होते. त्यामुळे कर तेवढा थकीतच राहिला आणि काही महिन्यांनी मागणीची नोटीस आली, पुन्हा व्याजासकट. ती नोटीस घेऊन ते दुकान बंद करून माझ्याकडे आले होते, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून चलन काढण्याआधी व्याज आणि शुल्क मोजून बेरीज करायची, हा माझ्या ऑफिसचा नियम आहे.

व्याज माफ करून घेता येईल का, हे विचाराल. या तिन्ही व्याजांची माफी अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही, ते लागतंच. ठराविक प्रसंगी, जसं वह्या जप्त होणं, मुख्य आयुक्तांकडे अर्ज करता येतो. पार्टीकडून पैसे न येणं त्यात बसत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

तुमच्या बाबतीत खरा फरक दुसरीकडे पडू शकतो. तुमची उलाढाल दोन कोटींच्या आत असेल (रोखीतली जमा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर तीन कोटी), तर कलम ४४एडी खाली ठोक नफा, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्क्यांएवढा नफा, दाखवता येतो. त्यात चारऐवजी एकच हप्ता असतो, १५ मार्चचा. २०२३-२४ मध्ये तुम्ही त्यात असता, तर २३४सी चे ८,५०० च्या जागी फक्त १,६०० लागले असते. पण एकदा घेऊन मध्येच सोडलं, तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. आणि खरा नफा ठोक दरापेक्षा जास्त असेल, तर जास्तच दाखवायचा. तुमचं वर्ष १९६१ च्या कायद्याखालचं होतं म्हणून वरची कलमं त्यातली दिली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने पुढच्या वर्षांना कलमांचे क्रमांक बदलतील.

त्यामुळे तीन गोष्टी कळवा: २०२३-२४ ची एकूण उलाढाल, त्यातली रोखीतली जमा, आणि आधीच्या पाच वर्षांत कधी ४४एडी घेऊन सोडलं होतं का. त्यावरून पुढच्या वर्षी जूनपासून चार हप्ते भरायचे की मार्चचा एकच, हे सांगता येईल.